रिलोकेशनचे पैसे हातात किती पडणार?

नव्या नोकरीसाठी गाव बदलायचं ठरलं की ऑफर लेटरमध्ये एक ओळ हमखास असते: रुजू झाल्यावर स्थलांतराचा खर्च अमुक रकमेपर्यंत, बिलांनुसार परत मिळेल. ती ओळ वाचून माणूस पॅकर्स अँड मूव्हर्सला आगाऊ पैसे देतो, विमानाची तिकिटं काढतो, पहिले काही दिवस हॉटेलात राहतो आणि बिलं नीट जपून ठेवतो. दोन महिन्यांनी पे-स्लिपवर रक्कम पूर्ण दिसते, पण टीडीएसचा आकडाही वाढलेला असतो. मग प्रश्न पडतो, की मी खर्च केला तेवढाच मागितला, त्यात माझी कमाई काहीच नाही, तर कर कसला? आणि कर लागणारच असेल तर तो कंपनीने भरायला नको का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. भारतात असा एकही कायदा नाही जो कंपनीला या रकमेवरचा कर स्वतःच्या खिशातून भरायला लावतो. पगार म्हणून दिलेल्या रोख रकमेवर कर कापून सरकारकडे भरणं एवढंच कायदा कंपनीवर बंधनकारक करतो. कर धरून रक्कम वाढवून देणं, म्हणजे ज्याला पेरोलवाले ग्रॉस-अप म्हणतात, ते फक्त आणि फक्त करारातून येतं. ऑफर लेटरमध्ये किंवा कंपनीच्या लिखित रिलोकेशन पॉलिसीत ते असेल तर तुमचा हक्क आहे, नसेल तर नाही. मागता मात्र येतं, आणि ते मागण्याची योग्य वेळ ऑफर स्वीकारण्याआधीची असते.

बदली वेगळी, रुजू होणं वेगळं

आता पहिला प्रश्न. आयकरात एक सवलत खरंच आहे. जुन्या, १९६१ च्या कायद्यात ती कलम १०(१४) आणि नियम २बीबी मध्ये होती. दौऱ्यावर किंवा बदलीवर जाताना प्रवासखर्चासाठी मिळालेला भत्ता, प्रत्यक्ष खर्च झाला तेवढ्यापुरता, करमुक्त. बदलीच्या बाबतीत सामान बांधणं आणि ते वाहून नेणं यासाठी दिलेली रक्कमही त्यात धरलेली आहे. नवी करप्रणाली निवडली तर सगळ्याच सवलती जातात असं अनेकांना वाटतं, पण ही सवलत नव्या प्रणालीतही टिकवलेली आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून इथून पुढे मी क्रमांकांत न शिरता मुद्द्यानेच बोलतो. उदाहरणातले आकडे आणि फॉर्मची नावं मात्र २०२५-२६ या आर्थिक वर्षाची आहेत.

अडचण अशी की ही सवलत बदलीसाठी आहे. तुम्ही त्याच कंपनीच्या नागपूर ऑफिसातून बंगळुरू ऑफिसात गेलात तर ती बदली. तुम्ही नागपूरची नोकरी सोडून बंगळुरूच्या दुसऱ्या कंपनीत रुजू झालात तर ती बदली नव्हे. कुणी तुमची बदली केलेली नाही, तुम्ही नवा करार केला आहे. त्यामुळे रुजू होताना मिळणारा खर्च हा नव्या मालकाने तुमचं खासगी देणं भागवलं असा ठरतो आणि पगारात मिळवला जातो. काही कंपन्या सामान आणि प्रवासाची बिलं घेऊन रुजू होणाऱ्यांनाही ही सवलत देतात, हे मला माहीत आहे. पण नियमाच्या शब्दांत त्याला भक्कम आधार दिसत नाही, आणि उद्या विचारणा झाली तर उत्तर द्यायची वेळ करदात्यावरही येते. म्हणून माझा सल्ला असा, की रुजू होतानाची रक्कम करपात्र आहे असं धरूनच हिशेब करा. पेरोलने करमुक्त धरली तर कोणत्या आधारावर धरली हे ईमेलवर विचारून ते उत्तर जपून ठेवा.

बिलं दिली म्हणजे कर नाही, हा यातला सगळ्यात पसरलेला गैरसमज. बिलं कंपनीला लागतात ती खर्च खरोखर झाला हे पटण्यासाठी. एखादी रक्कम करमुक्त आहे की नाही हे सवलतीच्या नियमावरून ठरतं. सवलत लागू असेल तर बिलांशिवाय ती मिळत नाही, पण सवलतच लागू नसेल तर बिलांची फाईल कितीही जाड असली तरी कर टळत नाही. खऱ्या बदलीच्या वेळीसुद्धा घराच्या दलालाची दलाली, मुलांच्या शाळेची प्रवेश फी, नव्या गॅसजोडणीचे पैसे यांचा नियमात उल्लेख नाही, आणि बहुतेक पेरोल ते करपात्रच धरतात. हॉटेलच्या मुक्कामाचं तसंच आहे: एका गावाहून दुसऱ्या गावी बदली झाल्यावर कंपनीने एकूण १५ दिवसांपर्यंत हॉटेलात सोय केली तर ती करात धरत नाहीत, पण तिथेही शब्द बदलीचाच आहे.

एका हिशेबाची गोष्ट

नागपूरची एक अभियंता १ जुलै २०२५ ला बंगळुरूच्या कंपनीत रुजू झाली असं धरू. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत जुन्या कंपनीतून ३ लाख ७५ हजार पगार, पुढच्या नऊ महिन्यांत नव्या कंपनीतून १५ लाख. वर्षाचे १८ लाख ७५ हजार. नवी करप्रणाली, ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे करपात्र उत्पन्न १८ लाख. स्थलांतराचा खर्च असा झाला: सामान आणि दुचाकी नेण्याचे ९२ हजार, तिघांच्या विमान तिकिटांचे २४ हजार, हॉटेलचे ३४ हजार. एकूण दीड लाख, आणि ऑफर लेटरमधली मर्यादाही दीड लाखाचीच.

तिचं उत्पन्न १६ ते २० लाखांच्या टप्प्यात आहे. तिथे कर २० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे प्रत्येक वाढीव रुपयावर २०.८ पैसे. कंपनीने दीड लाख पगारात मिळवले की त्यावर कर झाला ३१,२०० रुपये. तिच्या हाती राहिले १,१८,८००. मूव्हर्सला, विमान कंपनीला आणि हॉटेलला तर पूर्ण दीड लाख देऊन झालेले आहेत. म्हणजे पूर्ण खर्च परत मिळाला असं कागदावर दिसत असताना ३१,२०० रुपये तिच्या खिशातून गेले.

हे लगेच ध्यानात येतंच असं नाही, याचं कारण पेरोलच्या पद्धतीत आहे. काही कंपन्या असा एकरकमी कर त्याच महिन्यात कापतात. काही कंपन्या वर्षाचा एकूण अंदाजे कर काढून उरलेल्या महिन्यांत सारखा वाटतात. दुसऱ्या पद्धतीत पहिल्याच पगारात ही रक्कम आली तर ३१,२०० नऊ महिन्यांत वाटले जातात, दरमहा सुमारे ३,४६७ रुपये. रिलोकेशनच्या महिन्यात दीड लाख जवळपास पूर्ण हातात पडल्यासारखे वाटतात, आणि पुढे मार्चपर्यंत पगार अपेक्षेपेक्षा थोडा कमी येत राहतो. तो कमी का येतो हे कुणी सांगत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: पे-स्लिपच्या मिळकतीच्या रकान्यात रिलोकेशनची ओळ असेल आणि त्याच महिन्याच्या टॅक्स शीटमध्ये वर्षाचं अंदाजित करपात्र उत्पन्न तेवढ्याने वाढलेलं असेल, तर कर लागलेला आहे.

आता कंपनी म्हणाली, की ठीक आहे, कर आम्ही देऊ. इथे एक चूक वारंवार होते, आणि ती एचआरच्या चांगल्या हेतूनेही होते. कर ३१,२०० झाला ना, मग दीड लाखात ३१,२०० मिळवून १,८१,२०० देऊन टाका, असं ठरतं. पण वाढवून दिलेल्या ३१,२०० वरही कर लागतो, कारण तीही पगारात दिलेली रोख रक्कमच आहे. १,८१,२०० मधून २०.८ टक्के गेले की हाती उरतात सुमारे १,४३,५१०. अजून साडेसहा हजार कमीच.

बरोबर हिशेब करायचा तर मिळवायचं नाही, भागायचं. रुपयातले २०.८ पैसे करात जातात, ७९.२ पैसे हाती उरतात. हाती दीड लाख उरायला हवेत, तर दीड लाखाला ०.७९२ ने भागा.

```
1,50,000 ÷ (1 − 0.208) = 1,89,394
```

१,८९,३९४ वर कर ३९,३९४, आणि हाती पूर्ण दीड लाख. वर्षाचं करपात्र उत्पन्न १९ लाख ८९ हजारांच्या आसपास येतं, म्हणजे ते २० लाखांच्या आतच राहतं आणि दर बदलत नाही. वाढवलेली रक्कम पुढच्या टप्प्यात घुसत असेल तर तेवढ्या भागाला वरचा दर लावावा लागतो, हे पाहायला विसरू नका. कंपनीच्या दृष्टीने हा जवळजवळ २६ टक्के जास्तीचा खर्च आहे. वरिष्ठ पदांना ग्रॉस-अप सहज मिळतं आणि कॉलेजातून थेट भरती झालेल्या मुलांना क्वचित मिळतं, त्यामागे हा हिशेब असतो.

दर कुणाच्या उत्पन्नावरून काढला?

ग्रॉस-अप कबूल झालं तरी रक्कम कमी पडू शकते, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधीच्या नोकरीचा पगार. नव्या कंपनीला तो आपोआप कळत नाही. तुम्ही फॉर्म १२बी भरून कळवला तरच पेरोल तो हिशेबात घेतं. आपल्या अभियंतेने तो भरला नाही असं समजा. मग पेरोलला तिचं उत्पन्न दिसतं फक्त नव्या कंपनीचं: १५ लाखांतून ७५ हजार गेले की १४ लाख २५ हजार. तिथे दर १५ टक्के. पेरोल त्या दराने हिशेब करून सुमारे १ लाख ७८ हजार देतं आणि त्यांच्या मते तिच्या हाती बरोबर दीड लाख उरतात. प्रत्यक्षात वर्षाचं सगळं उत्पन्न मिळवल्यावर त्या रकमेवर २०.८ टक्के लागतात आणि विवरणपत्र भरताना या एका बाबीपोटी सुमारे ९ हजार रुपये तिला घालावे लागतात. वर जुन्या पगारामुळे पगारावरचाही कर कमी कापला गेलेला असतो आणि आगाऊ कर न भरल्याचं व्याज लागतं ते वेगळंच.

जानेवारीत रुजू होणाऱ्यांच्या बाबतीत हा फरक फार मोठा होतो. नव्या कंपनीला मार्चपर्यंतचे तीनच पगार दिसतात. ते चार-पाच लाखांचे असले तर पेरोलच्या हिशेबाने कर शून्य, म्हणून ग्रॉस-अपही शून्य. आणि माणूस मात्र एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत पूर्ण पगार घेऊन वीस किंवा तीस टक्क्यांच्या टप्प्यात आधीच पोचलेला असतो. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत नोकरी बदलत असाल तर रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात जुन्या पगाराचा तपशील द्या. आधीच्या कंपनीकडून फॉर्म १६ यायला जून उजाडतो, पण शेवटच्या पे-स्लिपवरून आणि फुल अँड फायनलच्या कागदावरून हे आकडे काढता येतात.

सगळ्यात जास्त तोटा कुणाचा होतो ते सांगायलाच हवं, कारण त्यांना कुणी सावध करत नाही. नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर निवासी करदात्याला कर पडत नाही. साताऱ्याहून हैदराबादला गेलेल्या एका मुलाचं वर्षाचं करपात्र उत्पन्न ११ लाख ८० हजार आहे असं धरा. त्याला कर शून्य. कंपनीने त्याला सामान आणि प्रवासाचे ६० हजार परत दिले आणि पगारात धरले. उत्पन्न झालं १२ लाख ४० हजार. १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न गेलं त्याहून जास्त कर घ्यायचा नाही अशी सूट कायद्यात आहे, म्हणून कर बसतो ४० हजार, उपकर धरून ४१,६००. साठ हजारांपैकी त्याच्या हाती राहतात १८,४००.

अशा वेळी ग्रॉस-अपचा आकडाही चमत्कारिक होतो. त्याच्या हाती साठ हजार उरायचे तर कंपनीला सुमारे १ लाख ४१ हजार द्यावे लागतील. कुठलीही कंपनी हे मान्य करणार नाही आणि तिला दोष देता येणार नाही. इथे मार्ग वेगळा शोधावा लागतो. कंपनीकडे एनपीएसमध्ये मालकाच्या वाट्याची सोय असेल तर पगाराचाच काही भाग तिकडे वळवून घेता येतो. नव्या प्रणालीत मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून होणाऱ्या रकमेच्या १४ टक्क्यांपर्यंत असं योगदान करपात्र उत्पन्नातून वजा होतं. त्याने ४० हजार त्या वर्षात वळवले तर उत्पन्न पुन्हा १२ लाखांवर येतं आणि कर शून्य. पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात हे खरं, पण ते त्याचेच राहतात. करपात्र उत्पन्न ११ ते १२ लाखांच्या दरम्यान असणाऱ्या प्रत्येकाने रिलोकेशनची रक्कम स्वीकारण्याआधी हा हिशेब कागदावर मांडून बघावा.

बिल कंपनीच्या नावावर असेल तर

काही कंपन्या कर्मचाऱ्याला पैसे न देता स्वतःच मूव्हर्सशी करार करतात, तिकिटं स्वतःच्या ट्रॅव्हल डेस्ककडून काढतात आणि बिलं थेट भागवतात. करपात्रता यानेही आपोआप जात नाही, कारण फायदा तुम्हालाच मिळालेला आहे. पण एक फरक पडतो. रोख न देता दिलेल्या अशा सोयीवरचा कर कंपनी स्वतःच्या मर्जीने भरू शकते, आणि तिने भरलेला हा कर पुन्हा तुमच्या उत्पन्नात धरला जात नाही. म्हणजे करावर कर, त्यावर पुन्हा कर, ही साखळी तुटते.

पण हे पूर्ण ग्रॉस-अप नव्हे. कायद्याने असा कर वर्षाच्या सरासरी दराने मोजायचा असतो, वरच्या टप्प्याच्या दराने नाही. आपल्या अभियंतेचं उत्पन्न दीड लाख धरून १९ लाख ५० हजार, त्यावर उपकरासह कर १,९७,६००, म्हणजे सरासरी दर दहा टक्क्यांच्या थोडा वर. दीड लाखावर कंपनी भरेल १५,२००. स्थलांतरामुळे तिचा कर वाढला आहे ३१,२०० ने, तेव्हा उरलेले १६ हजार तिच्याच पगारातून कापले जातील. कंपनीच्या बाजूनेही एक गैरसोय आहे: असा भरलेला कर तिला धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे अनेक कंपन्या या वाटेला जातच नाहीत. थेट पैसे भागवण्याचा खरा फायदा वेगळा आहे. तुमचे दीड लाख महिना-दोन महिने अडकत नाहीत आणि बिल नाकारलं जाण्याची भीती राहत नाही.

अमेरिकेत नोकरीला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी एवढंच सांगतो. तिथे २०१८ पासून मालकाने दिलेला स्थलांतराचा खर्च संघीय आयकरात पगार म्हणून धरला जातो, आणि २०२५ च्या कायद्याने ते कायम केलं. लष्करी आणि गुप्तचर सेवेतल्यांना ठरावीक अपवाद आहे. ग्रॉस-अपची सक्ती तिथेही नाही. पेरोल बहुधा अशा जास्तीच्या रकमेवर सरसकट २२ टक्के आणि वर सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापतं. तुमचा खरा टप्पा २४ किंवा ३२ टक्क्यांचा असेल, किंवा राज्याचा वेगळा आयकर असेल, तर २२ टक्के धरून केलेलं ग्रॉस-अप अपुरं पडतं. कोणता दर धरला हे तिथेही विचारायचंच.

ऑफर लेटरमध्ये काय वाचायचं, काय लिहून घ्यायचं

ऑफर लेटरमध्ये लागू करांच्या अधीन असे शब्द असतील तर कर तुमचा, विषय संपला. प्रत्यक्ष खर्चानुसार किंवा बिलांनुसार एवढेच शब्द असतील तरी कर तुमचाच, कारण त्यात कराबद्दल काही म्हटलेलंच नाही. करोत्तर, करविरहित निव्वळ, किंवा कराचा भार कंपनी उचलेल असे स्पष्ट शब्द असतील तेव्हाच ग्रॉस-अप मागता येतं. भरती करणारा फोनवर म्हणतो की सगळा खर्च परत मिळेल, तेव्हा तो बहुधा खोटं बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर बिलाची रक्कम असते, करानंतरची नसते. शिवाय बहुतेक ऑफर लेटरमध्ये शेवटी एक कलम असतं, की या पत्राआधीची सगळी बोलणी आणि पत्रव्यवहार या पत्राने रद्द समजावा. त्यामुळे आधीच्या ईमेलमधलं आश्वासनही पत्रात उतरलं नाही तर त्याचा आधार कमकुवत होतो.

मर्यादेचा शब्दही नीट पाहा. दीड लाखापर्यंत असं लिहिलं असेल आणि ग्रॉस-अपही कबूल असेल, तर ते दीड लाख कर धरून की कर सोडून? कर धरून असतील तर दीड लाखातूनच कर जाणार आणि ग्रॉस-अप नावापुरतंच राहणार. म्हणून एचआरला पाठवायच्या ईमेलमध्ये मी साधारण असं लिहायला सांगतो: "स्थलांतराची रक्कम करपात्र धरली जाणार आहे का? धरली जाणार असेल तर दीड लाखांची मर्यादा माझ्या हाती पडणाऱ्या रकमेची आहे की करापूर्वीची? कराचा भार कंपनी उचलणार असेल तर दर माझ्या वर्षाच्या एकूण उत्पन्नावरून, आधीच्या पगारासह, काढला जाईल असं ऑफर लेटरमध्ये नमूद करावं." ग्रॉस-अपला नकार आला तर मर्यादा वाढवून मागा. पॉलिसी बदलायला एचआरला वरून परवानगी लागते, मर्यादा थोडी वाढवणं पुष्कळदा त्या व्यवस्थापकाच्याच हातात असतं. पण वाढलेल्या मर्यादेइतकी बिलं हवीत. खर्चच दीड लाखाचा असेल तर मर्यादा दोन लाख करून काही मिळत नाही. अशा वेळी तेवढी रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून मागणं सोयीचं, कारण तो बिलांशी बांधलेला नसतो.

आणि आता सगळ्यात दुखरा मुद्दा: परतफेडीची अट. एका वर्षाच्या आत, काही ठिकाणी दोन वर्षांच्या आत, नोकरी सोडली तर स्थलांतराची रक्कम परत करायची असं बहुतेक पत्रांत असतं. कोणती रक्कम, हे मात्र लिहिलेलं नसतं. आपल्या अभियंतेला ग्रॉस-अप मिळालं आणि तिने मे २०२६ मध्ये नोकरी सोडली, तर फुल अँड फायनलमध्ये कंपनी मागते १,८९,३९४. तिच्या हाती आले होते दीड लाख. उरलेले ३९,३९४ मागच्या आर्थिक वर्षात तिच्या पॅनवर सरकारकडे जमा झालेले आहेत. त्याच वर्षात सोडली असती तर पेरोल रक्कम वजा करून त्या वर्षाचा कर कमी करू शकलं असतं. वर्ष उलटल्यावर तसं होत नाही. मागच्या वर्षी मिळालेला पगार या वर्षी परत केला म्हणून मागच्या वर्षीचं उत्पन्न कमी झालं, असं पेरोल मानत नाही, आणि तो कर परत मिळवणं तिला फार जड जातं. ग्रॉस-अप न मिळालेल्यांचंही तेच: हाती आले १,१८,८००, परत मागतात दीड लाख.

म्हणून या कलमात दोन गोष्टी लिहून घ्या. पहिली, परतफेड कर वजा जाता हाती पडलेल्या रकमेची असेल. दुसरी, ती नोकरीच्या महिन्यांच्या प्रमाणात कमी होत जाईल. बारा महिन्यांच्या अटीत दहा महिने काम केलं तर बाराव्या हिश्शाप्रमाणे दोनच हिस्से परत करायचे. दुसरी मागणी कंपन्या सहसा मान्य करतात. पहिलीला त्या का-कू करतात, कारण भरलेला कर त्यांनाही परत मिळत नाही. पण विचारल्याशिवाय ते कुणी देत नाही. आणि राजीनामा द्यायचाच ठरला असेल, तर शक्य असल्यास शेवटचा दिवस ३१ मार्चच्या आत ठेवा आणि वसुली मार्चच्याच पगारातून व्हावी असं लेखी मागा, म्हणजे त्याच वर्षाच्या फॉर्म १६ मध्ये ती वजा होऊन येईल. मे-जूनमध्ये फॉर्म १६ हाती आल्यावर त्याच्या भाग ब मधला एकूण पगार आणि वर्षभराच्या पे-स्लिपांची बेरीज जुळते का, वसूल झालेली रक्कम त्यातून खरंच गेली आहे का, हे विवरणपत्र भरण्याआधी ताडून पाहा. गेली नसेल तर कंपनीकडून टीडीएसचं विवरण दुरुस्त करून सुधारित फॉर्म १६ मागून घ्या.